एमपीएन : ‘कमाल संभाव्य संख्या’ म्हणावं का?

मेघना_अनुवाद
पाणी तपासणीच्या अहवालाचं मराठी करतेय. एका रकान्यात ‘कोलिफॉर्म, एमपीएन, दर १०० मिली’ असं आहे. एमपीएन म्हणजे ‘मोस्ट प्रॉबेबल नंबर’, आधीच्या कोणीतरी त्याचं ‘कमाल संभाव्य संख्या’ केलंय. ते वाचून मला वाटतं, यापेक्षा जास्त जंतू पाण्यात असूच शकत नाहीत. खरंच तसा अर्थ आहे का?

शब्दवेल्हाळ
‘कमाल’ साफ चूक. ‘मोस्ट’ हे ‘प्रॉबेबल’ला लागतं, ‘नंबर’ला नाही. ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ म्हणा, प्रश्न मिटला.

मेघना_अनुवाद
मिटला कसा? ‘सर्वाधिक’ही वाचणारा संख्येलाच लावणार. आणि ‘संभाव्य उमेदवार’, ‘संभाव्य पाऊस’ वाचायची सवय असलेल्याला ‘संभाव्य जंतू’ म्हणजे पुढे होऊ घातलेले जंतू वाटतील!

नळीवाली
वीस वर्षं याच नळ्या धुतल्यात, म्हणून लिहिते. आधी काय करतो ते बघा, शब्द मग. पाच नळ्यांत दुप्पट तीव्रतेचं जांभळं मॅकॉन्की द्रावण १०-१० मिली असतं. प्रत्येकीत एक छोटी डरहॅम नळी उलटी बुडवलेली. वरून नमुन्याचं पाणी १०-१० मिली घालायचं आणि ३७ अंशांवर ४८ तासांपर्यंत ठेवायचं. कोलिफॉर्म असतील तर द्रावण पिवळं होतं आणि छोट्या नळीच्या टोकाशी वायू साठतो. म्हणजे आम्ही जंतू मोजतच नाही. किती नळ्या ‘लागल्या’ एवढंच मोजतो.

गणिताची_वही
मग सोपं आहे की. तीन नळ्या लागल्या म्हणजे ५० मिलीत ३ जंतू, १०० मिलीत ६.

नळीवाली
अर्धं बरोबर. लागलेल्या नळीत एकच जंतू होता की सात, हे नळी सांगत नाही. म्हणून ६ हा आकडा कमीच पडणार. उलटीकडून बघा. पाचांपैकी दोन नळ्या कोऱ्या राहिल्या, म्हणजे कोरी राहण्याचं प्रमाण ०.४. जंतू पाण्यात सारखे विखुरलेले असतील, तर नळीमागे सरासरी साधारण ०.९२ जंतू असताना असं घडणं सगळ्यात शक्य. नळीत १० मिली, म्हणून १०० मिलीला ९.२. तक्त्यातही ९.२ च आहे. दशांश बघून मात्र भुलू नका. पाचच नळ्या असल्या की खरा आकडा दोनही असू शकतो आणि पंचवीसही.

शब्दवेल्हाळ
म्हणजे ‘सगळ्यात शक्य’ ती संख्याही नव्हे! ती संख्या धरली, तर समोर दिसतोय तो निकाल सगळ्यात शक्य ठरतो. माझा आधीचा शेरा मागे घेतो.

नळीवाली
अगदी! १९१५ साली मॅकक्रेडीने हे गणित मांडलं तेही असंच, नळ्यांवरून मागे जात.

वस्तीवरचा_पाटील
मधेच विचारतो. आमच्या विहिरीचा रिपोर्ट ‘१६ पेक्षा जास्त’ आला. १६ म्हणजे थोडेच ना? शेजारच्या वस्तीचा ‘१६००’ होता.

नळीवाली
नाही हो पाटील. तुमच्या पाचही नळ्या लागल्या, एवढाच त्याचा अर्थ. कोरी नळीच नाही, मग वरची हद्द कशी लावणार? १७ असतील, नाहीतर १७ हजार. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या १ आणि ०.१ मिलीच्या नळ्याही लावल्या असतील, म्हणून मोजपट्टी तिथवर गेली. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीत एकही सापडू नये, असं भारतीय मानक आहे. तोवर उकळून प्या. आणि पुन्हा नमुना द्याल तेव्हा प्रयोगशाळेची बाटली न विसळता भरा. आत थायोसल्फेट असतं. ते नसलं तर टीसीएलचं क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतं आणि घाण पाणीही स्वच्छ निघतं.

वस्तीवरचा_पाटील
आम्ही तर चांगली तीनदा विसळली होती. टीसीएल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

नळीवाली
तरीही पाचही लागल्या, म्हणजे बघा! आमच्याकडेही चुका होतात. एका शिकाऊ मुलाने डरहॅम नळीत आधीच अडकलेला मोहरीएवढा हवेचा बुडबुडा वायू म्हणून लिहिला होता. द्रावण जांभळंच होतं, म्हणून सापडला. पिवळं आणि वायू, दोन्ही असलं तरी तो फक्त संशय. मग त्या नळीतला थेंब ब्रिलियंट ग्रीनच्या नळीत टाकून पुन्हा वायू येतो का ते बघतो.

मेघना_अनुवाद
मी ‘नळ्यांवरून काढलेला सर्वांत संभवनीय अंदाज’ लिहू का? ‘अंदाज’ शब्द हवाच असं वाटतंय.

शब्दवेल्हाळ
‘अंदाज’ म्हटलं की लोक अहवाल फेकून देतील. ‘अनुमान’ करा.

नळीवाली
‘अनुमान’ आमच्या शिपायाला कळणार नाही, ‘अंदाज’ कळेल. रकान्यात ‘एमपीएन’च ठेवा आणि खाली तळटीप द्या. पण ‘दर १०० मिली’ गाळू नका, मागच्या अनुवादात तेच गळलं होतं.

गणिताची_वही
तळटिपेत ६ का नाही, तेही लिहा. माझ्यासारखे बरेच असतील.