झोपवून काढलेला एक्स-रे पुरेसा नाही

"आई ७१ वर्षांची, हाडं ठिसूळ. बादली उचलताना पाठीत कळ आली. एक्स-रे नॉर्मल, मग दुखतंय काय?"

सोलापुरात आमच्या सासूबाईंना नळाला पाणी आल्यावर घागर उचलताना अशीच कळ आली. झोपवून काढलेला एक्स-रे नॉर्मल, म्हणून आठ दिवस नुसतं मलम. पण आडवं झालं की बरं, उभं राहिलं की असह्य. मणक्यावर बोटाने हलकं ठोकलं की एकाच जागी दचकायच्या. उभं करून बाजूने काढलेल्या एक्स-रेत छातीचा बारावा मणका पुढून चेपलेला निघाला. झोपल्यावर भार उतरतो, तेव्हा चेपलेला मणका थोडा उघडतो आणि एक्स-रेत दिसायचा राहून जातो. फ्रॅक्चर ताजं की जुनं, ते एमआरआय सांगतो. तोवर मालिश नको, वाकणं नको. पाय बधिर झाले किंवा लघवी अडली तर लगेच हॉस्पिटल गाठा.