अनुभव धागा: मनगट दुखतंय, कीबोर्ड-टेबल बदलून हवंय. साहेबांना पत्र कसं लिहावं?

मोंढा_नाका:
जालन्यात बियाण्यांच्या एका ऑफिसात दिवसभर बिलं आणि व्हाउचर भरणाऱ्या ताईंसाठी पत्र करायचंय. उजव्या मनगटात कळ येते, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, रात्री जास्त. साहेब माणूस वाईट नाहीत, पण "आहे तो कीबोर्ड चालतोय की" एवढंच म्हणतात. असं पत्र ज्यांनी लिहिलंय, मंजूर केलंय किंवा टेबलाची कामं केलीत त्यांनी सांगा. आपबीती नको, मापं आणि मजकूर द्या.

टेप_घेऊन_या:
पत्राआधी टेप घ्या. "टेबल उंच आहे" असं लिहिलं तर ते मत होतं, "टेबल ४ इंच उंच आहे" लिहिलं की ती दुरुस्ती होते.

तीन मापं पुरतात. ताईंना पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीवर खुर्चीत बसवा, खांदे सैल, हात कोपरात काटकोनात. मग जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत, जमिनीपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, आणि बसलेल्या मांडीच्या वरच्या बाजूपर्यंत मोजा. मापं दुसऱ्याने घ्यायची. स्वतः वाकून घेतली की खांदा खाली जातो आणि माप चुकतं.

मोंढा_नाका:
मोजून आणलं. उंची ५ फूट १ इंच. कोपर २६ इंचांवर, टेबल ३० इंच, मांडी साडेबावीस इंच. कीबोर्डचे मागचे दोन्ही पाय उघडलेले आहेत.

टेप_घेऊन_या:
मग दुखणं तिथंच आहे. टेबल ३०, त्यावर कीबोर्डची जाडी साधारण १ इंच, म्हणजे बटणं ३१ वर आणि कोपर २६ वर. पाच इंचांचा फरक भरायला खांदे वर उचलले जातात आणि मनगट टेबलाच्या कडेवर टेकतं. त्यात मागचे पाय उघडे असले की कीबोर्ड मागून उचलला जातो, पंजा मनगटातून वरच्या बाजूला वाकतो आणि आतल्या नसेवर दाब वाढतो. ते पाय आजच मिटवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

परभणी_पॉइंट:
जेलची मनगट-गादी घ्या की, एवढी भानगड कशाला.

टेप_घेऊन_या:
गादी चालते, पण टाइप करताना मनगट तिच्यावर दाबून ठेवलं तर ज्या जागेवरचा दाब कमी करायचाय तिथंच तो वाढतो. टायपिंग थांबल्यावर तळहाताचा मागचा भाग टेकवायला ती असते. आणि ३० इंचांच्या टेबलाला गादीने काय फरक पडणार?

कायदा_माहीतच_हवा:
पत्रात सरळ दिव्यांग हक्क कायदा २०१६ टाका. त्यात योग्य ती सोय द्यावीच लागते. साहेब नाही म्हणूच शकत नाहीत.

मंजुरीची_सही:
कायदा आहे, तुमचं अर्धं बरोबर. पण त्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत मनगटदुखी नाही. पहिल्याच पत्रात कलम टाकलं की साहेब टेबल बघायच्या ऐवजी पत्र वकिलाकडे पाठवतात. मंजुरी देणारा माणूस तीन गोष्टी बघतो: नेमकं काय हवंय, किती मोडतोड होणार आणि नाही दिलं तर काम कुठं अडतं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, पण त्यात "टायपिंगची उंची आणि माऊसची जागा बदलावी" एवढं लिहून घ्या. "विश्रांती घ्यावी" लिहिलं तर साहेब रजा देतील, टेबल देणार नाहीत.

नांदेडचा_टंकलेखक:
कीबोर्ड बदलायचा म्हणजे रेमिंग्टनचा इनस्क्रिप्ट करायचा का? आमच्याकडं पण सगळे त्यावरच भांडतात.

मोंढा_नाका:
नाही काका, मांडणी नाही, यंत्र. ताई इंग्रजीत आकडे भरतात.

प्लाय_आणि_चॅनल:
सुतारकाम सांगतो. कीबोर्डचा सरकता ट्रे लावायचा, ट्रेची वरची बाजू २५ इंचांवर. कीबोर्ड १ इंच जाड, म्हणजे बटणं बरोबर कोपराच्या रेषेत. पाऊण इंची प्लाय धरली तर ट्रेची खालची बाजू सव्वाचोवीस, मांडी साडेबावीस, मध्ये पावणेदोन इंच मोकळे. पुरे आहे, पण त्याखाली आणखी पट्टी ठोकू नका.

चूक होते ती रुंदीत. बाजारातला तयार ट्रे बहुतेक वेळा कीबोर्डपुरताच असतो, मग माऊस वर टेबलावर राहतो आणि उजवा खांदा पुन्हा वर. आकडेवाला पूर्ण कीबोर्ड साधारण साडेसतरा इंच, माऊसला ८ इंच, म्हणून ट्रे किमान २६ इंच सांगा. आणि खुर्चीचे हात बघा. ते ट्रेला धडकले तर माणूस पुढं सरकूच शकत नाही, लांबूनच हात ताणतो. हात बोल्टचे असतील तर काढून ठेवता येतात.

व्हाउचर_भरणारा:
उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड आणि आकड्यांचा सुटा पॅड मागा. छोटा साधारण १४ इंच असतो, म्हणजे माऊस साडेतीन इंच जवळ येतो. पॅड कामापुरता उजवीकडे घ्यायचा आणि माऊस लागला की बाजूला सारायचा. नुसता छोटा कीबोर्ड मागितला तर मात्र ताई वरच्या ओळीतल्या आकड्यांवर अडकतील आणि आठ दिवसांत जुनाच परत घेतील.

मंजुरीची_सही:
हे धरून मजकूर असा करा:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस,
विषय: कामाच्या टेबलावर कीबोर्ड ट्रे व कीबोर्ड बदलून मिळणेबाबत.

महोदय,
मी लेखा विभागात बिले व व्हाउचर नोंदवण्याचे काम करते. टेबलाची उंची ३० इंच असून बसल्यावर माझे कोपर २६ इंचांवर येते. त्यामुळे टाइप करताना मनगट वाकते व उजव्या हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.
विनंती अशी की, (१) माझ्या टेबलाला २६ इंच रुंद सरकता ट्रे जमिनीपासून २५ इंचांवर बसवावा, (२) उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड व आकड्यांचा सुटा पॅड मिळावा. टेबल बदलण्याची गरज नाही. काम सुट्टीच्या दिवशी करता येईल.
सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही हे मी लेखी कळवीन.
आपली विश्वासू,"

शेवटची ओळ काढू नका. मंजूर करणाऱ्याला "आधी बघू" म्हणून सही करता येते.

बीड_बायपास:
माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. हेच पत्र चालेल का?

टेप_घेऊन_या:
मापं चालतील, कारण कदाचित वेगळं. त्या दोन बोटांची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर टेकतं का ते आधी बघा. डॉक्टरांना "हात दुखतो" सांगू नका, कोणती बोटं ते सांगा.

मोंढा_नाका:
एक घोळ झाला. टेबलाला समोरच ६ इंच उंचीचा ड्रॉवर आहे, ट्रे बसणारच नाही.

प्लाय_आणि_चॅनल:
ड्रॉवर काढायला साहेब तयार असतील तर तो खोका काढून तिथंच ट्रे. नसतील तर उलटं करा. खुर्ची ५ इंच वर आणि पायाखाली तेवढ्याच उंचीचा, दोन्ही पाय मावतील असा लाकडी पाट.

टेप_घेऊन_या:
पण खुर्ची वर घेतली की मांडी साडेसत्तावीसवर जाते आणि ड्रॉवरचा तळ तर २४ वर असणार. पाय आत जाणारच नाहीत. आधी ड्रॉवरचंच विचारा.

मोंढा_नाका:
त्यात जुन्या पावत्यांचे गठ्ठे आहेत. सोमवारी विचारते.