फुल आवाजात खरखर: आधी इअरफोन लावून बघा

> आवाज ८०%च्या वर नेला की फोनचा स्पीकर खरखरतो. जाळी ब्रशने झाडली, फरक नाही.

तेच गाणं तेवढ्याच आवाजात इअरफोनवर ऐका. तिथेही फाटत असेल तर इक्वलायझर किंवा आवाज वाढवणारं अ‍ॅप बंद करा, दोष बहुधा स्पीकरचा नाही.

इअरफोनवर स्वच्छ असेल तर कचरा आत असू शकतो. स्पीकरमधलं चुंबक लोखंडाचा बारीक कीस ओढून धरतं, तो ब्रशने हलत नाही. जाळीवर चिकटपट्टी दाबून उचला, दोन-चारदा. टाचणी मात्र नको, पडदा फाटतो.

माझ्या फोनमध्ये पाणी गेलं तेव्हा कमी आवाजातही घोगरं यायचं. सिमच्या खाचेत टॉर्च मारला, ओल दाखवणारा पांढरा ठिपका लाल झाला होता.