निबंध स्वतः लिहिलाय हे व्हर्जन हिस्टरीतून कसं दाखवायचं?

खानापूरची_ताई
माझा भाऊ बेळगावात बी.ए. करतो. कणकुंबीला जाऊन, लोकांशी बोलून त्यानं मलप्रभेच्या उगमावर निबंध लिहिला, गूगल डॉक्समध्ये. सर म्हणतात एआयनं लिहिलाय. त्यानं डॉक्युमेंटची कॉपी काढून पाठवली, तर तिच्यात हिस्टरीच नाही! सोमवारी बोलावलंय. काय न्यायचं?

निपाणीकर
वर्डची फाइल करा. Properties मध्ये Total editing time दिसतो. तेवढा दाखवला की झालं.

चिक्कोडी_मास्तर
निपाणीकर, तो वेळ फाइल नुसती उघडी असली तरी वाढतो. आणि डॉक्समधून उतरवलेल्या फाइलीत भावानं डॉक्समध्ये घालवलेला वेळ येतच नाही.

ताई, कॉपीची हिस्टरी कॉपी काढली तिथून सुरू होते. मूळ डॉक्युमेंट संगणकावर उघडा, `File > Version history > See version history`. उजवीकडे तारखा येतील. तारखेशेजारचा बाण दाबा, आतले लहान टप्पे उलगडतात. मी मुलांची हिस्टरी तिथेच बघतो. एखादं वाक्य आधी लांब होतं, मग तुटलं, परिच्छेद खालून वर गेला, म्हाताऱ्या माणसानं सांगितलेली गोष्ट चार ओळींवरून दोनवर आली, असं दिसलं की मुलगा विचार करत होता हे कळतं. नुसता View चा अधिकार दिला तर सरांना हिस्टरी दिसणार नाही. Editor करण्यापेक्षा भावानं स्वतःच्या लॅपटॉपवर समोर बसून दाखवावं.

खानापूरची_ताई
दाखवू की, पण शेवटचे दोन परिच्छेद एकदम आलेत ओ. गावात रेंज नव्हती, म्हणून फोनच्या नोट्समध्ये लिहून नंतर चिकटवले.

चिक्कोडी_मास्तर
तर सरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. फोनमधली नोंद पुसू नका, तारखेसकट दाखवा. आता ते परिच्छेद नव्यानं टाइप करू नका, त्यावर आजचीच तारीख पडेल आणि संशय वाढेल.

येळ्ळूरची_आई
माझ्या मुलीनं आधी वहीत लिहिलं, मग सरळ टाइप केलं. हिस्टरीत कुठं खाडाखोडच नाही. तिच्यावर तर जास्तच संशय!

चिक्कोडी_मास्तर
तुमची गोष्ट खरी अडचणीची. बघून उतरवलेला मजकूर हिस्टरीत तसाच दिसतो, मग तो वहीतला असो की एआयचा. तिथं हिस्टरी काही सिद्ध करत नाही. वहीची खोडलेली पानं न्या.

निपाणीकर
मग पक्का पुरावा कशानंच होत नाही की.

चिक्कोडी_मास्तर
नुसत्या हिस्टरीनं नाही होत. मी मुलाला शेजारी बसवून एकेका टप्प्यावर विचारतो, हे वाक्य का काढलंस? ज्यानं लिहिलंय तो बहुतेक सांगतो. पण घाबरट मुलगा गप्प बसतो, त्याचं काय करायचं हे मलाही अजून सुटलेलं नाही.

खानापूरची_ताई
मूळ डॉक्युमेंट सापडलं. कणकुंबीचा परिच्छेद पाच वेळा बदललाय त्यानं! सोमवारी मीच सोबत जाते.