मदत हवी आहे: वास्तुशांतीत आलेला डिनर सेट लग्नात द्यावा का?

पुढच्या आठवड्यात मावसभावाचं लग्न आहे. वास्तुशांतीत आलेले दोन डिनर सेट माळ्यावर अजून न वापरता पडून आहेत, त्यातला एक द्यावा म्हणते. एक मावशीनेच दिलेला, पण कोणता ते तेव्हा लिहून ठेवलं नाही. काल दोन्ही खोके उघडले. एकात ताटल्यांच्या मधे शेजारच्या काकूंची ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी निघाली, म्हणजे दुसरा मावशीचा. बरं झालं उघडून पाहिलं! काकूंचा सेट कोरा आहे, वाट्यांवर नावही घातलेलं नाही. पण काकूही लग्नाला येणार आहेत. त्यांनी ओळखला तर वाईट वाटेल. त्यांना आधी सांगून द्यावा, की हा दुसऱ्या कोणासाठी ठेवून भावाला पाकीट द्यावं? तुम्ही काय केलं असतं?