अनुभव धागा: दुकानातली घट तुम्ही कशी मोजता?

कोपऱ्यावरचा
तालुक्याच्या गावी आमचं किराणा-जनरलचं दुकान आहे. हातात माल घेऊन बघता येईल अशी मांडणी, बिलिंग कॉम्प्युटरवर, कामाला तीन मुलं. 30 जूनला रात्री शटर ओढून पहिल्यांदाच सगळा माल मोजला. एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा हिशेब असा आला, सगळे आकडे जीएसटी सोडून, खरेदीच्या भावाने:

सुरुवातीची शिल्लक 18,40,000. खरेदी 46,20,000. परत पाठवलेला माल 60,000. विकलेल्या मालाची खरेदी किंमत 45,10,000. म्हणजे दुकानात 18,90,000 चा माल हवा होता. मोजून भरला 18,12,000. तूट 78,000. विक्री 52 लाखांची, म्हणजे दीड टक्का.

डिटर्जंटच्या पुड्यांमागे बॉडी स्प्रेची तीन रिकामी खोकी सापडली, नीट झाकणं लावून ठेवलेली. ते बघितल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. वडील म्हणतात, नवीन मुलाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, म्हणून आधी इथे विचारतोय. तुमच्याकडे घट किती येते आणि ती नक्की कशाची, हे कसं ओळखता?

गल्लेवाली
आमच्याकडेही रोज पन्नास-शंभर कमी भरायचे. मी सुट्ट्या पैशांचा डबा वेगळा केला आणि संध्याकाळी दोघांनी मिळून गल्ला मोजायला सुरुवात केली. आता पाच-दहाच्या वर फरक येत नाही.

कोपऱ्यावरचा
ताई, गल्ला आमचा जुळतो. कमी आहे तो माल.

जुना_व्यापारी
एवढं मोजत कशाला बसायचं? आमची चाळीस वर्षांची रीत सांगतो. विक्रीतून सरासरी नफा वजा करायचा, किराण्यात बारा टक्के धरा, म्हणजे खरेदी किंमत निघते. ती शिलकेतून वजा केली की दुकानात किती माल हवा ते कळतं.

मोजणीवाला
काका, कॉम्प्युटर नसेल तिथे हीच रीत चालते. पण याच आकड्यांवर करून बघा. बारा टक्के धरले तर तूट येते 12,000. चौदा धरले तर 1,16,000. दोन टक्के इकडचे तिकडे झाले की लाखाचा फरक. साखर-तेल जास्त खपलं की सरासरी नफा खाली येतो, सणाला सुका मेवा खपला की वर जातो. दुकान ठीक चाललंय का याचा अंदाज यातून येईल, घट नाही कळणार.

कोपऱ्यावरचे दादा, मी नऊ वर्षं वेगवेगळ्या दुकानांत स्टॉक मोजायला जातोय. त्या मुलाला काही बोलण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, 30 तारखेच्या मागचे-पुढचे चार दिवस. बिल चढलंय पण माल उतरलेला नाही, असं काही आहे का? दोन, डिस्ट्रिब्युटरचा माणूस एक्स्पायरीचा आणि फुटका माल घेऊन गेला, त्याची नोंद झाली का? तीन, स्कीमचा फुकट आलेला माल तुम्ही आवकेत चढवता का?

कोपऱ्यावरचा
रात्री बसून फाईल काढली. तेलाच्या डिस्ट्रिब्युटरचं 31,000 चं बिल 30 जूनला चढवलंय, टेम्पो आला 2 जुलैला. एक्स्पायरीचा साधारण 14,000 चा माल जूनमध्ये उचलून नेला. त्यांच्या माणसाने वहीच्या पानावर सही केली, क्रेडिट नोट अजून आली नाही आणि आमच्याकडेही नोंद नाही. म्हणजे 78 मधले 45 हजार कागदावरचेच. राहिले 33.

मोजणीवाला
पहिले 31 हजार निव्वळ तारखेची चूक, ती घट नव्हेच. दुसरे 14 हजार येणं आहे, पण क्रेडिट नोटचा पाठपुरावा केला नाही तर तेही खरं नुकसानच होतं. स्कीमच्या मालाचं काय?

पिठाची_गिरणी_आणि_किराणा
सुटा माल विसरू नका. आमच्याकडे साखरेच्या एक किलोच्या पुड्या बांधणारा माणूस हात सढळ ठेवायचा. वजन केलं तर दर पुडीला दहा ग्रॅम जास्त. 50 किलोच्या पोत्यामागे अर्धा किलो, महिन्याला साठ पोती, म्हणजे तीस किलो साखर उचलून दिली. कमी भरणं तर गुन्हाच, आणि पिशवीचं वजन मालात धरता येत नाही. पण दहा ग्रॅम जास्त जातात हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शिवाय पोत्याचं वजन बारदानासकट धरलंय का, तेही बघा. आता आम्ही पोतं फोडायच्या आधी काट्यावर ठेवतो आणि किती पुड्या निघाल्या ते पोत्यागणिक लिहितो.

कोपऱ्यावरचा
हे आमच्याकडेही होत असणार. दोन पोती तोलून बघितली, त्या अंदाजाने तीन महिन्यांचे नऊ हजार धरले. राहिले 24.

आणि मोजणीवाले दादा, स्कीमचा माल आम्ही चढवत नाही. दहावर एक फुकट आला तर बिलात दहाच टाकतो. रॅकवर असा साधारण 11,000 चा माल मोजणीत धरला गेलाय.

मोजणीवाला
मग त्या 11 हजारांनी तुमची तूट झाकली. पुस्तकात नसलेला माल मोजणीत आला, म्हणून तूट तेवढी कमी दिसली. ते परत मिळवा. 24 आणि 11 मिळून 35,000. विक्रीच्या पाऊण टक्क्याच्या आत. कारण न कळलेली घट एवढीच आहे.

लोक तूट दाखवणाऱ्या चुका शोधतात आणि आकडा हवा तितका खाली आला की थांबतात. वाढ दाखवणाऱ्या चुका कुणी शोधत नाही. वस्तूनिहाय यादी काढा. एका वासाचा साबण बारा नग कमी आणि दुसऱ्याचा बारा नग जास्त असेल, तर काउंटरवर एकच नग स्कॅन करून बाराने गुणलंय. ती चोरी नव्हे.

दोन_लेकरांची_आई
घरी नेलेला माल लिहिता का? सासूबाई पोळ्यांचं पीठ, तूप, मुलांची बिस्किटं दुकानातूनच आणायच्या. आपलंच दुकान, बिल कशाला करायचं? मी एक महिना वहीत लिहिलं, साडेसहा हजार निघाले. तोवर आम्हीसुद्धा कामाच्या मुलावर डोळा ठेवून होतो. त्याची मी नंतर माफी मागितली. आता घरच्या नावाने बिल होतं.

कर_सल्लागार
एक जोड देतो. चोरीला गेलेल्या, हरवलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट कलम 17(5)(h) प्रमाणे उलटवावं लागतं. म्हणून सगळी तूट एका ओळीत नुकसान म्हणून लिहून टाकू नका. तारखेची चूक ही चूक म्हणूनच दुरुस्त करा, नाहीतर जो माल गेलाच नाही त्याचाही कर भराल.

कापडवाला
आमच्यात वेगळंच. ताग्यावर वीस मीटर लिहिलेलं असतं, उलगडून मोजलं तर पाव मीटर कमी. गिऱ्हाइकाला कापून देताना चार बोटं जास्त जातात ती वेगळीच. हे किराण्यासारखं नग मोजून कसं पकडायचं, कुणी सांगेल का?

कोपऱ्यावरचा
वडिलांना सगळं कागदावर दाखवलं. मुलगा कामावर आहे. घरच्या मालाचं आईला विचारलं, ती म्हणाली लिहून ठेवते.

बॉडी स्प्रेची खोकी मात्र खरी आहेत, ती कागदाने भरून निघत नाहीत. बॉडी स्प्रे, ब्लेड, तूप, बदाम-काजू, बाळाचं दूध पावडर अशा चाळीस वस्तूंची यादी केली आहे. दर रविवारी दोघांनी वेगवेगळं मोजायचं, पुस्तकातला आकडा मोजणाऱ्याला दाखवायचा नाही. पहिल्या रविवारी सगळं जुळलं. दुसऱ्या रविवारी ब्लेडची दोन पाकिटं कमी आली, आणि त्या आठवड्यात नवीन मुलगा गावी गेला होता.

मोजणीवाला
ती पाकिटं कुठल्या दोन दिवसांत गेली ते बघा. ब्लेड आठवडाभर रोज रात्री मोजा.