सोसायटी ग्रुप, नाशिक: आजींच्या खोलीसाठी कुठला हीटर?

बी-304 काकू: नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या खोलीत रात्री फार गारठा पडतोय. दुकानदार म्हणतो ऑइलवाला हीटर घ्या, वीज निम्मी लागते. घेऊ का? खोली 10 बाय 12 आहे.

ए-102 काका: आमच्याकडे पंख्याचा आहे. अठराशेला मिळाला. बिल बघून आईला दोन गोधड्या दिल्या.

सी-501: काकू, थांबा. गेल्या वर्षी बाबांसाठी मी हा सगळा उद्योग करून बसलोय. 16 अँपिअरचा युनिट मोजणारा स्मार्ट प्लग आणला होता.

वीज निम्मी वगैरे काही नसतं. दोन्हींत कॉइलच तापते. एक युनिट जाळलं की एक युनिटची ऊब, मग ती तेलातून या नाहीतर पंख्यातून. मी दोन्ही 1000 वॅटवर तीन-तीन तास चालवले, दोन वेगळ्या रात्री, तीच खोली. दोन्ही वेळा तीन युनिट गेले आणि खोली 18 वरून 22 अंशांच्या आसपास आली.

बी-304 काकू: मग लोक ऑइलवाल्याचं कौतुक का करतात?

सी-501: थर्मोस्टॅटमुळे. खोली तापली की तो बंद होतो, गार झाली की परत लागतो. आमचा रात्री 10 ते सकाळी 6 मध्ये 5.9 युनिट खायचा. पंख्याचा स्वस्तातला हीटर 2000 वर ठेवून झोपलात तर तो बंदच होत नाही, आठ तासांचे 16 युनिट. ए-102 काकांचं बिल तिथे गेलं असणार 😄

ए-102 काका: अगदी तिथेच गेलं.

सी-501: पण सकाळी अंघोळीनंतर पंधरा मिनिटं ऊब हवी असेल तर काकांचाच बरा. 2000 वॅटवर अर्धं युनिट. ऑइलवाल्याचं तेवढ्यात तेलसुद्धा नीट तापत नाही.

बी-304 काकू: आणि तो गरम-थंड एसी? आमचा एसी यंदा बदलायचाच आहे. रिमोटवर सूर्याचं चित्र तर आत्ताच्यालाही आहे.

सी-501: रिमोटवर जाऊ नका, कंपन्या एकच रिमोट सगळ्या मॉडेलना देतात. बाहेरच्या युनिटवरचं लेबल वाचा. तिथे कूलिंगच्या शेजारी हीटिंगचेही आकडे असतील तरच तो हीट पंप.

बहिणीकडे तसा आहे. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एका युनिटमध्ये तिप्पट ऊब मिळते. तोच प्लग तिच्याकडे लावला. साधारण आमच्याएवढीच खोली, 22 वर, तेच आठ तास, बाहेर पहाटे 9 अंश: 1.9 युनिट.

नवीन घेताना लेबलवरचे हीटिंगचे वॅट भागिले हीटिंगला लागणारे वॅट करा. तिच्यावर 5200 आणि 1450 होते, म्हणजे साडेतीनच्या वर. स्टार बघून कळत नाही, ते थंड करण्याचे असतात.

डी-203 ताई: आमचे दीर शिमल्याला असतात. त्यांचा मध्येच गार पडतो.

सी-501: हो ताई. बाहेर शून्याच्या आसपास आणि दमट असलं की बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतो. तो वितळवायला एसी काही मिनिटं उलटा चालतो, तेवढा वेळ आत ऊब येत नाही. आपल्याकडे असं क्वचितच होईल.

बी-304 काकू: म्हणजे एसीच घेऊ?

सी-501: काकू, युनिट 10 रुपये धरा. रात्रीला ऑइलवाला 59, एसी 19. चाळीस रुपये वाचले. आपली थंडी पन्नास रात्रींची, म्हणजे वर्षाला 2000. फक्त थंडीसाठी चाळीस-पन्नास हजारांचा एसी घेतला तर ते पैसे वसूल होईपर्यंत एसीच म्हातारा होईल. पण तुम्ही बदलणारच आहात, तर गरम-थंडसाठी वर सहा हजार मोजावे लागले तरी तीन हिवाळ्यांत निघतात. झडप मात्र खाली वळवा, नाहीतर सगळी ऊब छताला.

ए-102 काका: आणि ऑइलवाला घेतलाच तर एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. माझ्या पंख्याच्या हीटरने बोर्डाचं भोक तपकिरी केलं, प्लग हातात धरवेना. 2000 वॅट म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर.

बी-304 काकू: आजींच्या खोलीत मोठा सॉकेट एकच आहे, एसीचा.

सी-501: मग झालंच की काकू 😄 लेबलचा फोटो टाका, घेण्याआधी बघू.

ए-102 काका: तो प्लग आठवडाभर मिळेल का? गीझर मोजायचाय.